टार्गेट सांगायचं, पण टीम खचू द्यायची नाही: विक्रीच्या वर्षारंभ मीटिंगमधलं भाषण कसं करावं

एरिया मॅनेजर म्हणून माझं पहिलं एप्रिलचं भाषण पन्नास मिनिटांचं होतं. चाळीस मिनिटं मी बाजाराची वाढ, कंपनीची स्वप्नं आणि नवी पाकिटं यांवर बोललो. टार्गेटचा आकडा सगळ्यात शेवटच्या स्लाइडवर ठेवला होता. तो आला आणि हॉल गप्प झाला. मी विचारलं, "काही शंका?" मागच्या रांगेतला एक जुना सेल्समन उभा राहिला. "साहेब, डॅमेजचा क्लेम कधी मिळणार?" सगळे हसले आणि माझी मीटिंग तिथेच संपली. पुढचा तासभर सगळी चर्चा खराब मालाच्या भरपाईच्या त्या क्लेमवरच झाली.

तो प्रश्न विषय सोडून विचारलेला नव्हता, हे कळायला मला दोन वर्षं लागली. खाली जी पद्धत देतोय ती त्यानंतर हळूहळू बसत गेली. उदाहरण मसाले आणि फरसाण विकणाऱ्या एका छोट्या टीमचं घेतो, कारण माझं आयुष्य किराणा दुकानांच्या ठरलेल्या फेऱ्यांवर, म्हणजे बीटवर गेलं आहे. औषधं किंवा पंप विकणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत.

आधी दोन आठवडे: नकाराची यादी

भाषणाची तयारी लॅपटॉपवर सुरू करू नका. प्रत्येक सेल्समनला एकच काम द्या. आठवडाभर ज्या दुकानात बिल फाटलं नाही, त्या दुकानापुढे एका शब्दात कारण लिहायचं: जुना माल पडून, पाहिजे तो माल नव्हता, उधारी, मालक नव्हता, दुसऱ्या कंपनीची स्कीम.

आपल्या टीममध्ये आठ जण आहेत असं धरू. प्रत्येक जण रोज चाळीस दुकानं करतो आणि त्यांतल्या वीस दुकानांत बिल होतं. म्हणजे रोज वीस नकार. यादी हातात आली की त्यांतले काही नकार सेल्समनच्या हातातले नाहीत, हे लगेच दिसतं. आमच्या वेळी वीसपैकी साधारण पाच दुकानदार सांगायचे, "आधी ती मुदत संपलेली पाकिटं उचला, मग नवीन टाका." पाकिटं उचलायची डिस्ट्रिब्युटरने, आणि डिस्ट्रिब्युटर उचलत नाही, कारण कंपनीकडे त्याचा मागचा क्लेम अडकलेला. आता त्या मागच्या रांगेतल्या माणसाचा प्रश्न पुन्हा वाचा. त्याच्यापुरता तो टार्गेटचाच प्रश्न होता.

आकडा रोजच्या बिलापर्यंत उतरवा

गेल्या वर्षीची दुकानांना झालेली विक्री ४ कोटी ८० लाख. वरून आलेलं टार्गेट ५ कोटी ५२ लाख, म्हणजे १५ टक्के जास्त. हे ७२ लाख हॉलमध्ये नुसते फेकले तर डोंगर दिसतो. आठ जणांत वाटले की प्रत्येकी वर्षाला ९ लाख, महिन्याला ७५ हजार. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर दिवसाला ३ हजार रुपये.

तिथेही थांबू नका, कारण सेल्समन दिवस रुपयांत मोजत नाही, बिलांत मोजतो. आज त्याची वीस बिलं होतात, सरासरी हजाराची, म्हणजे २० हजार. उद्या २३ हजार हवेत. बावीस बिलं केली आणि प्रत्येक बिलात ४५ रुपयांचा माल वाढवला, म्हणजे पाच रुपयांच्या पुड्यांची एखादी माळ, तर २२,९९० होतात. दहा रुपये कमी पडतात, ते सोडून देऊ. तर वर्षाचं टार्गेट म्हणजे रोज दोन बिलं जास्त आणि प्रत्येक बिलात एक माळ. ती दोन बिलं कुठून आणायची? ज्या पाच दुकानांत जुना माल पडून आहे, तिथून. भाषणाचा कणा हाच.

ही सरासरी आहे, वाटणी नव्हे, हेही सांगावं लागतं. शहरातल्या जुन्या बीटवर १५ टक्के काढताना घाम फुटतो, आणि तालुक्याच्या नव्या बीटवर तीस टक्केही निघू शकतात. त्यामुळे प्रत्येकाचा स्वतःचा आकडा वेगळा असेल, आणि तो त्याला मीटिंगच्या आदल्या दोन-तीन दिवसांत एकट्याला भेटून सांगा. चहाच्या टपरीवर सांगितला तरी चालेल. आपलं टार्गेट पडद्यावर, चारचौघांत पहिल्यांदा पाहणारा माणूस पुढचं एक वाक्यही ऐकत नाही. तो शेजाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा ताडून पाहत बसतो.

सणांच्या तारखा तपासा

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे चूक झाली तर टीमचा विश्वास ऑक्टोबरमध्येच उडतो. हेड ऑफिसच्या तक्त्यात बहुधा गेल्या वर्षीच्या प्रत्येक महिन्यावर सरसकट १५ टक्के लावलेले असतात. पण गणपती आणि दिवाळी इंग्रजी महिने पाळत नाहीत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. २०२६ मध्ये मध्येच अधिक महिना आल्यामुळे हे सण पुढे सरकले.

किराणावाला दिवाळीचा माल दोन-तीन आठवडे आधी भरतो. म्हणजे २०२५ मध्ये जी खरेदी सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, ती २०२६ मध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे जाईल. सरसकट तक्ता लावला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगला माणूसही मागे दिसेल आणि नोव्हेंबरात सुमार माणूस हिरो ठरेल. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरून टार्गेट मागून घ्या. वरून परवानगी मिळाली तर हॉलमध्ये ते आवर्जून सांगा. आपला साहेब आपल्या वतीने भांडला, हे कळलेल्या टीमला वेगळं चढवावं लागत नाही.

भाषण: बारा मिनिटं, आणि आकडा तिसऱ्या मिनिटाला

दिवस असा निवडा की तुमच्या भागातली बाजारपेठ बंद असेल. नाहीतर पोरांचं लक्ष फोनवर राहणार, आणि तो फोन दुकानदाराचाच असणार.

सुरुवात गेल्या वर्षाने करा, पण "तुम्ही सर्वांनी खूप मेहनत घेतली" हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी दोन-तीन नेमक्या गोष्टी सांगा. कुणी पावसाळ्यात घाटातली बीट एकदाही चुकवली नाही, कुणी बंद पडलेली अकरा दुकानं परत सुरू केली. कौतुक कामाचं असलं की ज्याचं झालं नाही त्यालाही ते पटतं. जे चुकलं तेही इथेच, आणि आपल्या बाजूचं आधी. मग आकडा. मी साधारण असं बोलतो:

"गेल्या वर्षी आपण चार कोटी ऐंशी लाख केले. यंदा पाच कोटी बावन्न करायचे आहेत. आकडा मोठा आहे, मी लहान म्हणणार नाही. पण तो तुमच्या बॅगेत कसा दिसतो ते सांगतो. आज तुमची वीस बिलं होतात. मला बावीस हवीत, आणि प्रत्येक बिलात पुड्यांची एक माळ जास्त. ही दोन बिलं हवेतून येणार नाहीत. तुम्हीच लिहून दिलंय, रोज पाच दुकानं जुन्या मालामुळे नाही म्हणतात. तो माल उचलणं तुमचं काम नाही, आमचं आहे. मार्चपर्यंतचे सगळे क्लेम ३० एप्रिलच्या आत डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात जमा होतील. त्याच्या माणसाने पाकिटं उचलली की पुढच्या फेरीला त्या दुकानात तुम्ही जायचं. क्लेम वेळेत आला नाही, तर मे महिन्याच्या मीटिंगमध्ये पहिला जाब मला विचारायचा."

एवढं बोलून गप्प बसा. दहा सेकंद शांतता राहिली तरी ती भरायला जाऊ नका, लोक मनात आपल्या बीटचा हिशोब करत असतात.

तारखेचं वचन देण्याआधी अकाउंट्सकडून ते लेखी घ्या, हे सांगायला नकोच. मिळालं नाही तर ते वचन भाषणातून काढा आणि तुमच्या हातात आहे तेवढंच बोला.

इन्सेंटिव्हला दोन मिनिटं पुरतात. किती टक्क्यांपासून सुरू होतं, शंभर टक्क्यांना हातात किती रुपये पडतात, आणि ते कोणत्या तारखेला. परदेशवारीचा फोटो दाखवू नका. आठांतल्या एकालाच ती मिळणार, हे बाकीच्या सातांना ठाऊक असतं.

प्रश्न, आणि कुजबुज

शेवटी "काही शंका?" विचारलं तर कुणी बोलत नाही. त्याऐवजी विचारा, "ही दोन बिलं कोणत्या बीटवर निघणार नाहीत?" यावर हात वर होतात. एखादा म्हणेल, "साहेब, माझ्या बुधवारच्या बीटवर चाळीस दुकानं राहिलीच नाहीत, रस्तारुंदीकरणात बारा गेली." तिथल्या तिथे आकडा कमी करू नका, नाहीतर प्रत्येकाच्या बीटवरून रस्ता जायला लागतो. वहीत लिहा, "येत्या बुधवारी तुझ्यासोबत बीटवर येतो" म्हणा, आणि खरंच जा. दुकानं गेली असतील तर त्याची बीट नव्याने आखून द्या.

भाषण फसलं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, जेवणाच्या रांगेत कळतं. "बघू, मार्चला टाकू माल" असं कानावर आलं तर समजा की टीमने आकडा मान्य केलेला नाही, तो महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये ढकलायचं ठरवलंय. रिपोर्टमध्येही हे पकडता येतं. महिन्याची निम्मी विक्री शेवटच्या पाच दिवसांत येत असेल, तर तो माल दुकानात नाही, गोडाऊनमध्ये आहे, आणि काही महिन्यांनी डॅमेजच्या क्लेमच्या रूपात तुमच्याच टेबलावर परत येईल. उलट "ती कॉलेजजवळची दुकानं पुन्हा धरायला पाहिजेत" असं कुणी बोलताना ऐकलं, तर खुशाल दुसरी जिलेबी घ्या.

पहिल्या शनिवारी ग्रुपवर विक्रीचा तक्ता टाकायचा मोह होईल. त्याच्या आधी क्लेमचा तक्ता टाका: किती बाकी होते, किती जमा झाले, किती राहिले. विक्रीचा तक्ता त्याच्या खाली.