घरटॅक्सच्या नोटिशीतलं क्षेत्रफळ आणि दर तपासताना या चुका टाळा

नागपूर महापालिकेची कर आकारणीची नोटीस घरी आली की बहुतेकांची नजर सगळ्यात खालच्या आकड्यावर जाते. मागच्या वर्षीपेक्षा किती वाढला, शेजाऱ्यांना किती आला, एवढं बघून लोक एकतर गप्प भरून टाकतात किंवा झोन ऑफिसात जाऊन "टॅक्स जास्त लागलाय" असं सांगतात. या दोन्हींतून काही निष्पन्न होत नाही. चूक खालच्या आकड्यात नसते, ती वरच्या दोन रकान्यांत असते: क्षेत्रफळ आणि दर. ते दोन दुरुस्त झाले की खालची बेरीज आपोआप बदलते.

हिशेब कसा होतो ते एकदा नीट पाहा. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले दरमहा दर गुणिले बारा, हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळतं. सामान्य कर, पाण्याशी आणि मलप्रवाहाशी संबंधित कर आणि राज्य सरकारचा शिक्षण कर हे सगळे त्या मूल्यावर टक्केवारीने बसतात. शिक्षण कराची टक्केवारी टप्प्याटप्प्याने वाढते, म्हणून फुगलेलं मूल्य तुम्हाला वरच्या टप्प्यातही नेऊ शकतं. एका चुकीच्या क्षेत्रफळाची किंमत अशी अनेक ओळींत मोजावी लागते.

प्लॉटचा आकडा बांधकामाच्या रकान्यात

नागपूरच्या लेआउटमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मानेवाड्याकडचं एक घर उदाहरणादाखल घेऊ. प्लॉट 1500 चौरस फूट. तळमजल्यावर स्लॅबचं 800 चौरस फूट बांधकाम, पुढेमागे मोकळी जागा. वर टिनाच्या छताची 280 चौरस फुटांची एक खोली. नोटिशीत लिहिलंय: तळमजला 139.35 चौरस मीटर, पहिला मजला 26.01 चौरस मीटर, दोन्ही आरसीसी.

139.35 ला 10.764 ने गुणा. उत्तर येतं 1500. म्हणजे मोजणाऱ्याने घर मोजलंच नाही, विक्रीपत्रातला किंवा आखीव पत्रिकेतला प्लॉट उचलून बांधकामाच्या रकान्यात टाकला. एका चौरस मीटरमध्ये 10.764 चौरस फूट असतात. नोटिशीतला प्रत्येक आकडा असा फुटांत करून पाहिला की तो कुठून आला याचा माग बरेचदा लागतो. प्लॉटशी जुळला तर ही चूक. फ्लॅटच्या बाबतीत तो बिल्डरने लिहिलेल्या सुपर बिल्टअपशी जुळला, तर जिना आणि लॉबीचा वाटाही तुमच्या नावावर चढलाय. आणि चौरस मीटरच्या रकान्यात तुमचा फुटांचा आकडाच जसाच्या तसा दिसला तर क्षेत्रफळ जवळजवळ अकरापट झालंय, ते दुरुस्त करून घ्यायला उशीर करू नका.

आता दर. हिशेब कळावा म्हणून आरसीसीला दरमहा चौरस मीटरमागे 20 रुपये आणि टिनाच्या छताला 10 रुपये धरू. हे मानलेले आकडे आहेत, खरे दर तुमच्या भागाच्या दरपत्रकात बघायचे. नोटिशीप्रमाणे 165.36 चौरस मीटर, सगळं आरसीसी, म्हणजे भाडेमूल्य 39,686 आणि दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 35,718 रुपये. खरं बघितलं तर तळमजला 74.32 चौरस मीटर आरसीसी दराने आणि वरची खोली 26.01 टिनाच्या दराने. भाडेमूल्य 20,958, करयोग्य मूल्य 18,862 रुपये.

फरक 16,856 रुपयांचा. त्यातले 14,046 क्षेत्रफळामुळे आणि 2,809 वरच्या खोलीचा प्रकार चुकीचा लिहिल्यामुळे. हे वेगळं काढणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर झोनमध्ये क्षेत्रफळ दुरुस्त होतं, तुम्ही खूश होऊन परतता आणि टिनाची खोली वर्षानुवर्षं स्लॅबच्या दराने कर देत राहते.

मोजमाप कशाचं, हे न बघता टेप लावू नका

रकान्याच्या डोक्यावर चटई क्षेत्र आहे की बांधीव क्षेत्र, ते आधी वाचा. बांधीव असेल तर भिंतींच्या बाहेरून मोजायचं, चटई असेल तर आतून. आतून मोजून बांधीव क्षेत्राशी तुलना केली तर भिंतींच्या जाडीएवढा फरक येणारच, आणि त्या फरकावर आक्षेप टिकत नाही. प्रत्येक मजल्याचा, प्रत्येक खोलीचा कच्चा नकाशा हाताने काढा आणि लांबी-रुंदी त्यावरच लिहा. पोर्च, सज्जा, गॅलरी वेगळ्या दाखवा, कारण बाहेरून छताचा घेर मोजताना त्या आत ओढल्या जातात. नागपूर सुधार प्रन्यासने किंवा मनपाने मंजूर केलेला नकाशा असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. मात्र मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम केलं असेल तर तुमच्याच मागणीवरून होणाऱ्या फेरमोजणीत तेही नोंदलं जाईल, हे लक्षात ठेवूनच अर्ज करा.

दराच्या रकान्यात बांधकामाच्या प्रकारासोबत वापरही तपासा. पुढच्या खोलीला शटर आहे एवढ्यावरून ती दुकान म्हणून नोंदली गेली असू शकते. अनिवासी नोंद झाली की दर बदलतोच, शिवाय शिक्षण कर जास्त लागतो आणि निवासी जागेला नसलेला रोजगार हमी करही बिलात येतो. म्हणून राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी कराची ओळ दिसली तर थेट वापराच्या रकान्याकडे जा. भाडेकरू निघून गेलाय आणि नोंद भाड्याचीच आहे, असंही होतं.

"कर कमी करावा" असं लिहू नका

अशा अर्जावर अधिकाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. इंडेक्स नंबर, घर क्रमांक, नोटिशीची तारीख, मग चुकीची ओळ, तिथला आकडा आणि बरोबर आकडा, असं लिहा. "तळमजला 139.35 चौ. मी. दाखवला आहे, प्रत्यक्ष बांधकाम 74.32 चौ. मी. आहे, 139.35 हे संपूर्ण भूखंडाचं क्षेत्रफळ आहे, कृपया स्थळपाहणी करून दुरुस्ती करावी." टिनाच्या खोलीसाठी दुसरा मुद्दा. सोबत कच्चा नकाशा, मंजूर नकाशा किंवा विक्रीपत्राची प्रत आणि छत स्पष्ट दिसेल असे फोटो. अर्ज आपल्या झोन कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मुदत हा भाग लोक सगळ्यात हलका घेतात. आकारणी वाढवल्याची विशेष नोटीस वेगळी आणि पैसे भरायचं मागणी बिल वेगळं. करयोग्य मूल्यावरचा आक्षेप विशेष नोटिशीवर घ्यायचा असतो आणि त्याची शेवटची तारीख तिच्यावरच असते. ती सोडून बिलाची वाट पाहिली तर हातातला सोपा मार्ग जातो. पुढे न्यायालयात करयोग्य मूल्याविरुद्ध अपील करायचं तर आधी आक्षेप घेऊन त्यावर निर्णय झालेला असावा लागतो, अपिलाची मुदत पंधराच दिवसांची असते आणि वादातली रक्कमही भरावी लागते. मुदत हुकली तरी प्लॉटचं क्षेत्रफळ बांधकाम म्हणून लागण्यासारख्या उघड चुकीसाठी दुरुस्तीचा अर्ज जरूर द्या. आकारणी पुस्तकात वर्षाच्या मध्येही बदल करता येतो.

आक्षेप दिलाय म्हणून बिल थांबवून ठेवू नका. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते आणि सुनावणी कधी लागेल ते तुमच्या हातात नसतं. बिल भरा, आणि आक्षेपाच्या निकालाला अधीन राहून भरत असल्याचं लेखी पत्र त्याच झोनमध्ये द्या. निकाल लागला की आदेशाची प्रत मागून घ्या, त्यात प्रत्येक मजल्याचं क्षेत्रफळ, प्रकार आणि वापर लिहिलाय का ते पाहा, आणि जास्तीचे भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते करण्याची मागणी त्याच वेळी लेखी करा.