बॅज गळ्यात आहे, पण नाव वाचता येत नाही? या चुका टाळा

परिषदेत समोरच्याचं नाव वाचायला कुणाच्या छातीशी वाकावं लागलं, की दोघंही अवघडतात. मी पहिल्यांदा बॅज केले तेव्हा हेच झालं. वर परिषदेचा भलामोठा लोगो, खाली प्रायोजकांची रांग आणि मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक अक्षरांत नाव. बॅजची सुरुवात लोगोपासून केली की नावाला उरलेली जागा मिळते. चूक तिथेच होते.

आधी अंतर ठरवा. दोन अनोळखी माणसं साधारण दोन मीटरवरून एकमेकांकडे येतात. अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची धरली, तर दोन मीटरला 10 मिलिमीटर होते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना त्यासाठी साधारण 40 पॉइंट लागतात. देवनागरीत मात्र त्याच पॉइंटमध्ये वेलांटी आणि उकारालाही जागा द्यावी लागते, म्हणून मूळ अक्षर बहुतेक फॉन्टमध्ये लहान येतं. तेव्हा पॉइंटच्या आकड्यावर जाऊ नका, छापलेल्या कागदावर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत पट्टी लावून मोजा.

A6 बॅज उभा धरला तर रुंदी 105 मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना 8 सोडले की 89 उरतात. ‘ज्ञानेश्वरी’ त्यात मोठ्या अक्षरात आरामात बसते, पण मधलं नाव आणि आडनाव त्याच ओळीत घातलं की सगळंच बारीक होतं. पहिलं नाव एकटं वरच्या ओळीत घ्या, आडनाव खाली निम्म्या आकारात आणि त्याखाली भूमिका: ‘वक्ता’, ‘स्वयंसेवक’. मांडणी तपासताना यादीतलं सर्वांत लांब नाव घ्या. दोन ओळींमधलं अंतर कमी पडलं तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर चढतो, तेही याच वेळी दिसतं.

मोजलेलं अक्षर ठरवल्यापेक्षा लहान भरलं, तर प्रिंटची सेटिंग बघा. ‘फिट टू पेज’ चालू असेल तर पान गुपचूप आक्रसतं. 100 टक्क्यांवर छापा.

सत्रांचा प्रवेश नुसत्या रंगावर सोडू नका. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही आणि मंद उजेडात तो कुणालाच नीट दिसत नाही. बॅजच्या तळाशी रंगीत पट्टी असू द्या, पण तिच्यावर ‘कार्यशाळा’ किंवा ‘सर्व सत्रं’ असं ठळक लिहा. दारावरच्या स्वयंसेवकाला एका नजरेत कळलं पाहिजे.

आता लॅनयार्ड. एकाच हुकाला लटकलेला बॅज चालताना गरकन फिरतो आणि कोरी बाजू पुढे येते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना हूक असलेला लॅनयार्ड घ्या. तो मिळाला नाही तर दोन्ही बाजूंना तोच मजकूर छापा. वेळापत्रक वेगळ्या कागदावर द्या. लांबीही बघा: बॅज पोटावर आला तर टेबलाशी बसल्यावर नाव टेबलाखाली जातं.

सगळे बॅज छापण्याआधी एकच छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, कुणाच्या तरी गळ्यात अडकवा आणि दिव्याखाली दोन मीटरवर उभं राहून वाचा. पाकीट चकाकून नाव पुसल्यासारखं दिसलं, तर मॅट पाकिटं मागवा.