केसमधला मॅनेजर आणि भावनिक बुद्धिमत्तेचे पाच घटक : कोणता कुठे, हे कसं ओळखायचं

एमबीएच्या ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो. अर्ध्या पानाची केस, तिच्यात एक मॅनेजर आणि खाली विचारणा : ‘या मॅनेजरच्या वागण्यातून भावनिक बुद्धिमत्तेचे कोणते घटक दिसतात?’ डॅनियल गोलमन यांनी मांडलेली पाच नावं बहुतेकांना पाठ असतात : आत्मभान, आत्मनियमन, अंतःप्रेरणा, समानुभूती आणि सामाजिक कौशल्य. गुण जातात ते एका घटकाचं वागणं शेजारच्या घटकाच्या खात्यात टाकल्यामुळे. आत्मभान आणि आत्मनियमन यांची गल्लत होते, समानुभूती आणि सामाजिक कौशल्य यांची त्याहून जास्त. पुण्यात एमबीएच्या मुलांच्या सराव-उत्तरपत्रिका तपासताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून या लेखात भर ओळखण्यावर आहे.

आधी प्रश्नात कोणाची मांडणी मागितली आहे ते पाहा

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० मध्ये मांडली. गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घराघरात पोचली आणि नेतृत्वासाठी त्यांनी पाच घटक १९९८ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात समजावून सांगितले. पुढे त्यांच्याच मांडणीत पाचाचे चार गट झाले. त्यात अंतःप्रेरणेला वेगळी जागा नाही, यशाची आस ही स्वतःला सांभाळण्याच्या गटात गेली. प्रश्नात ‘पाच घटक’ किंवा ‘आत्मभानापासून सामाजिक कौशल्यापर्यंत’ असं काही असेल, तर पाचच लिहा. चाराची आणि पाचाची यादी एकाच उत्तरात मिसळली की तपासणाऱ्याला वाटतं, पाठांतर आहे पण समज नाही.

मग प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा

केस वाचताना पेन्सिलने फक्त मॅनेजरच्या कृती आणि त्याच्या तोंडची वाक्यं अधोरेखित करा. ‘ते अत्यंत लोकप्रिय होते’ हे लेखकाचं मत झालं, पुरावा नव्हे. अधोरेखित केलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारा : भावना कोणाची आहे, मॅनेजरची स्वतःची की समोरच्याची? आणि मॅनेजरने ती नुसती ओळखली, की तिच्या बाबतीत काही केलं?

स्वतःची भावना ओळखली तर आत्मभान, ती आवरली किंवा वळवली तर आत्मनियमन. समोरच्याची ओळखून निर्णयात धरली तर समानुभूती. माणसांना बरोबर घेऊन एखाद्या दिशेने नेलं तर सामाजिक कौशल्य. अंतःप्रेरणा या चौकटीबाहेर राहते. तिच्यासाठी वेगळा प्रश्न आहे : बाहेरून कुणी मागितलेलं नसताना, बक्षिसाची आशा नसताना हा माणूस कामाच्या मागे लागलेला आहे का?

आता केस घेऊ. ही मी सरावासाठी रचलेली आहे.

> चाकणमधल्या एका कारखान्यात मोटारींसाठी रबरी सील बनतात. मंगळवारी सकाळी ग्राहक कंपनीचा फोन आला की ४०० नगांचा लॉट परत येतो आहे. क्वालिटी मॅनेजर बाईंनी फोन ठेवला आणि साडेनऊची बैठक सव्वादहाला घ्यायला सांगितली. असिस्टंटला म्हणाल्या, “लॉट परत आला की मला आधी माणूस दिसतो, कारण नंतर. आत्ता बसले तर कुणावर तरी घसरेन.” बैठकीत त्यांनी तिन्ही शिफ्टचे तपासणी-तक्ते मागवले आणि ते वाचून होईपर्यंत कुणाचंही नाव घेतलं नाही. रात्रपाळीचा सुपरवायझर एरवी सगळ्यांत आधी बोलणारा, आज मान खाली घालून बसला होता. बैठक संपल्यावर बाईंनी त्याला थांबवून घेतलं. नव्या मुलांना गेज वापरायला शिकवायला त्याला वेळ मिळत नव्हता, आणि तसं सांगितलं तर आपण कमी पडलो असं दिसेल, ही त्याला भीती होती. तक्ता न भरल्याची लेखी नोंद त्यांनी केलीच, पण दोन आठवड्यांसाठी एक अनुभवी तपासनीस रात्रपाळीला दिला. उत्पादन आणि क्वालिटी या विभागांचं बरेच दिवस पटत नव्हतं. बाई आधी उत्पादनप्रमुखांशी एकट्याच बोलल्या, मग दोन्ही विभागांना एका टेबलाशी बसवलं, आणि दर दोन तासांनी एकत्र तपासणी करायचा नियम त्यांच्याच तोंडून काढून घेतला. महिन्याभरात परत येणारे नग ठरलेल्या मर्यादेत आले. त्यानंतरही बाई दर शनिवारी स्वतः आलेख काढत राहिल्या आणि पुढच्या तिमाहीसाठी त्यांनी आपणहून आणखी कडक मर्यादा मागून घेतली.

फोननंतरची मिनिटं : इथे दोन घटक आहेत

बैठक पुढे ढकलणं आणि असिस्टंटला सांगितलेलं वाक्य, हे केसमध्ये शेजारी शेजारी आहे, म्हणून मुलं दोन्ही मिळून ‘आत्मनियमन’ लिहून मोकळी होतात. ते सोडवा. “मला आधी माणूस दिसतो, कारण नंतर” यात बाई स्वतःच्या स्वभावातली एक खोड नेमकी सांगतात, ती कधी उफाळते आणि दुसऱ्याला तिचा काय त्रास होईल, हेही सांगतात. हे आत्मभान. त्या ज्ञानाच्या जोरावर बैठक पाऊण तास पुढे नेणं आणि तक्ते वाचेपर्यंत नाव न घेणं, हे आत्मनियमन.

ही दोन एकमेकांपासून सुटी असू शकतात, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो. एक मॅनेजर बैठकीत ओरडतो आणि नंतर म्हणतो, “माझं डोकं लगेच तापतं, मला ठाऊक आहे.” त्याला आत्मभान आहे, नियमन नाही. दुसरा ओरडतो आणि म्हणतो, “मी कधी आवाज चढवतच नाही.” याच्यात आत्मभानच नाही, त्यामुळे नियमनाची अपेक्षाही धरता येत नाही. ‘कोणता घटक कमी आहे’ असं विचारलं तर दुसऱ्याच्या बाबतीत आत्मभानापासून सुरुवात करा.

आणखी एक खाचखळगा. मॅनेजर शांत आहे एवढ्यावरून नियमन सिद्ध होत नाही. त्याला राग आलाच नसेल किंवा कामाशी देणंघेणंच नसेल, तर आवरायला काही उरतच नाही. उसळी आली होती आणि ती रोखली, असा धागा केसमध्ये दिसायला हवा. इथे तो “कुणावर तरी घसरेन” या शब्दांत आहे.

सुपरवायझर : समानुभूती म्हणजे सगळं माफ नव्हे

मान खाली घातलेली पाहणं, एरवीच्या वागण्याशी ताडून पाहणं, चारचौघांत न विचारता मागे थांबवून घेणं, भीती समजून घेणं. समोरच्याची भावना ओळखण्याचा इतका स्वच्छ पुरावा केसमध्ये क्वचित मिळतो. तरीही लेखी नोंदीचं वाक्य आलं की विद्यार्थी गडबडतात आणि ‘इथे समानुभूती कमी पडली’ असं लिहितात. गोलमन यांच्या मांडणीत समानुभूती म्हणजे प्रत्येकाला खूश ठेवणं नाही. निर्णय घेताना माणसांच्या भावना बाकीच्या गोष्टींबरोबर विचारात घेणं, एवढाच तिचा अर्थ. चुकीची नोंद राहिली आणि माणूस एकटा पडला नाही. दोन्ही एकाच निर्णयात बसलं, म्हणून उलट ही समानुभूती जास्त भक्कम आहे.

अनुभवी तपासनीस देणं हे काहींना सामाजिक कौशल्य वाटेल. मी ते समानुभूतीतच धरते, कारण माणसं घडवणं आणि टिकवणं गोलमन यांनी समानुभूतीच्या खुणांमध्ये मोजलं आहे, आणि ही कृती थेट त्या भीतीच्या जाणिवेतून आली आहे. तुम्ही वेगळं लिहिणार असाल तर कारण द्या. कारण नसलेल्या उत्तराचे गुण कापले जातात.

दोन विभाग : इथे माणसं हलली

सामाजिक कौशल्याची खूण म्हणजे हेतू असलेला मनमिळाऊपणा. मॅनेजर कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर चहा घेतो एवढं वाक्य पुरेसं नाही, पण त्या गप्पांमधून जुळलेली ओळख पुढे एखाद्या अवघड बदलात कामी आली, तर ते पुरेसं आहे. विचारायचं एवढंच : याच्यामुळे दुसरी माणसं आधी होती तिथून हलली का? बाईंनी उत्पादनप्रमुखांशी आधी एकटीने बोलून जमीन तयार केली, मग सगळ्यांना समोरासमोर आणलं आणि नियम स्वतः न लादता त्यांच्याकडून काढून घेतला. मन वळवणं, बदल घडवून आणणं, माणसं जोडणं हे सगळं या एका वाक्यात आहे. उत्तरात ‘त्यांच्याच तोंडून काढून घेतला’ हे शब्द जरूर उचला. ते नसते तर हा साधा आदेश ठरला असता.

शनिवारचे आलेख

मर्यादा गाठून झाली होती, कुणी मागितलं नव्हतं, तरी मोजणं चालू राहिलं आणि लक्ष्य अजून अवघड करून घेतलं. ही अंतःप्रेरणा. इथली सर्वांत मोठी चूक अशी : केसमध्ये मॅनेजरने टीमसाठी इन्सेन्टिव्ह जाहीर केला की मुलं ‘मोटिव्हेशन’ लिहितात. या यादीतली प्रेरणा मॅनेजरची स्वतःची असते. दुसऱ्यांना उत्साह देणं सामाजिक कौशल्यात जातं. तसंच, मॅनेजर बढतीसाठी रात्रंदिवस राबत असेल तर ती महत्त्वाकांक्षा खरी, पण या घटकाचा पुरावा म्हणून कच्ची.

उत्तर कसं लिहायचं

प्रत्येक घटकाला तीन गोष्टी द्या : नाव, केसमधले नेमके शब्द, आणि हे शब्द तो घटक का दाखवतात. उदाहरणार्थ : ‘आत्मनियमन : बाईंनी बैठक सव्वादहापर्यंत पुढे ढकलली आणि तक्ते वाचेपर्यंत कुणाचं नाव घेतलं नाही. राग आल्याचं त्यांनी स्वतः मान्य केलं होतं. तो लगेच बाहेर न काढता त्यांनी आधी माहिती मागवली, म्हणून हे उर्मीवरचं नियंत्रण आहे.’ एवढी तीन वाक्यं पुरतात. संकल्पनेची व्याख्या पानभर लिहून केसला दोन ओळी देऊ नका. प्रश्न मॅनेजरबद्दल आहे.

एखाद्या घटकाचा पुरावा केसमध्ये नसेल, तर तो ओढूनताणून बसवू नका. ‘केसमध्ये याचा थेट पुरावा नाही’ असं एका ओळीत लिहा आणि वेळ उरलेल्या घटकांना द्या.