बिलांना २५ मिनिटं, ताळमेळाला ५०

फोंड्यात मी घरूनच दुकानांचे हिशेब लिहिते. बिलं चढवताना गजर लावून काम करायच्या पोमोडोरो पद्धतीची २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी चपखल बसते. कुठेही थांबलं तरी पुढचं बिल उचलायचं. पण बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ घालताना फरक कुठून आला हे डोक्यात बसायलाच पंधरा मिनिटं जातात, आणि धागा हाती लागतो तोच गजर! तिथे मी ५० मिनिटं काम, १० मिनिटं सुट्टी ठेवते. चाळीस मिनिटांनी तीच ओळ पुन्हा वाचायला लागलात, तर ४० वरच थांबा. उठण्याआधी ‘पुढे चेक क्र. ११२ बघायचा’ एवढं चिठ्ठीवर लिहा. सुट्टीत मोबाईल नको, सरळ घरापुढच्या बल्कांवात जाऊन बसा.