व्हर्बल राउंडमधला उतारा: लिहिलेलं किती आणि आपण घातलेलं किती

माझे बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. भांडुपच्या टेकडीवरच्या गल्ल्यांना कधी पाणी सुटणार हे त्यांच्या हातातल्या चावीवर ठरायचं. त्यामुळे तलाव, जलवाहिनी, दाब, कपात हे शब्द आमच्या घरात रोजच्या बोलण्यातले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीच्या व्हर्बल राउंडमध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यावरच पॅसेज आला, तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या घरचा विषय. सगळी विधानं मी भराभर सोडवली आणि त्याच राउंडमध्ये बाद झाले.

घरी येताना लोकलमध्ये तो पॅसेज आठवेल तसा वहीच्या मागच्या पानावर उतरवला. नंतर कितीतरी दिवस त्याच्यावर बसले, तेव्हा कुठे चूक कळली. आता रविवारी आमच्या अभ्यासिकेत प्लेसमेंटची तयारी करणारी मुलं येतात, त्यांना मी हाच उतारा देते. पेपर इंग्रजीत असतो, पण विचार करायची रीत भाषेवर अवलंबून नाही, म्हणून इथे मराठीत मांडते:

"मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत आहेत. सातांपैकी सर्वांत जास्त पाणी भातसा पुरवतो. वर्षातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तलावांतला साठा अपुरा असेल, तर महापालिका पाणीकपात जाहीर करते."

पाच वाक्यं. खाली विधानं येतात आणि प्रत्येकापुढे तीन पर्याय असतात: ट्रू, फॉल्स, कॅनॉट से. म्हणजे उताऱ्यावरून खरं, उताऱ्यावरून खोटं, किंवा उताऱ्यावरून ठरवता येत नाही. 'उताऱ्यावरून' हा शब्द सूचनेत एकदाच येतो आणि आपण तो पहिल्या विधानापर्यंत विसरलेलो असतो.

सोपं विधान आधी घेऊ. "भातसा तलाव मुंबईच्या हद्दीबाहेर आहे." हे उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. तरी उत्तर ट्रू, कारण हद्दीत दोनच तलाव आहेत, त्यांची नावं दिली आहेत आणि त्यांत भातसा नाही. दोन वाक्यं जोडल्यावर तिसरं सुटूच शकत नाही. न लिहिलेलं पण अटळ, याला इन्फरन्स म्हणायचं. इथे सगळा भार 'दोनच' मधल्या 'च'वर आहे. तो काढून "विहार आणि तुळशी हे तलाव हद्दीत आहेत" एवढंच ठेवलं, तर भातसाबद्दल काहीच सांगता येणार नाही. इंग्रजीत हा भार 'ओन्ली' उचलतो, म्हणून पॅसेज वाचताना मी 'ओन्ली'वर बोट टेकवून पुढे जाते.

आता मी जिथे फसले ते विधान: "विहार आणि तुळशी मिळून जेवढं पाणी देतात, त्याहून जास्त एकटा भातसा देतो." मी डोळे मिटून ट्रू केलं. अभ्यासिकेतल्या एका मुलानेही गेल्या महिन्यात तेच केलं. त्याला म्हटलं, हे कुठून काढलंस?

"ताई, पण हे खरंच आहे ना?"

"खरं आहे. विहार-तुळशी लहान आहेत, हे मुंबईत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण या पाच वाक्यांत ते कुठे दिसतंय ते दाखव."

तो बराच वेळ शोधत राहिला. उताऱ्यात फक्त एवढंच आहे, की भातसा सातांत पहिला. म्हणजे तो विहारपेक्षा मोठा आणि तुळशीपेक्षाही मोठा, पण वेगवेगळा धरून. दोघांची बेरीज भातसापेक्षा कमी, हे आपण आपल्या माहितीतून घातलेलं. अशी घातलेली माहिती खरी असते, म्हणूनच ती पकडता येत नाही. खोटी असती तर कुठेतरी खटकली असती. आपल्या शहरावरचा, आपल्या विषयावरचा पॅसेज यामुळेच जास्त अवघड जातो. ध्रुवावरच्या बर्फावर पॅसेज असेल, तर आपण निमूटपणे उताऱ्यातच शोधतो.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय एकच आहे, आणि तो आकड्यांचा आहे. उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं ठेवायचं आणि विधान खोटं पाडता येतं का ते बघायचं. त्यासाठी आकडे बिनधास्त कल्पनेतले घ्यायचे. फक्त ते उताऱ्याच्या विरुद्ध जाता कामा नयेत. त्या मुलाच्या वहीत आम्ही एकूण पाणी १०० धरलं: भातसा ३०, विहार २८, तुळशी २८ आणि उरलेले चार तलाव मिळून १४. खऱ्या मुंबईत असं मुळीच नाही. पण उतारा यातलं काय नाकारतो? काहीच नाही. सात तलाव आहेत, दोनच हद्दीत आहेत, भातसा पहिला आहे. आणि विहार-तुळशी मिळून ५६ होतात, भातसा ३० वरच राहतो. विधान पडलं. उतारा खरा आणि विधान खोटं, असं एक जरी चित्र उभं राहिलं, तर ट्रू म्हणता येत नाही. खऱ्या मुंबईचं चित्रही उताऱ्यात बसतं आणि त्यात विधान खरं ठरतं, म्हणून फॉल्सही नाही. दोन्ही बाजूंचं चित्र निघालं की उत्तर कॅनॉट से.

याच आकड्यांनी आणखी एक विधान सुटतं: "मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पाणी भातसाचं असतं." ३० मध्ये भातसा पहिला आहे, पण निम्मा नाही. हेही कॅनॉट से. इथे आपल्या बोलण्याची सवय आड येते. 'सर्वांत जास्त' आणि 'जास्त करून' आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. इंग्रजी पॅसेजमध्ये 'द लार्जेस्ट शेअर' आणि 'मेजॉरिटी' अशी जोडी येते तेव्हा मनात दोन्हींचं भाषांतर एकच होतं आणि तिथेच गुण जातो. पहिल्याचा अर्थ इतर प्रत्येकापेक्षा जास्त, दुसऱ्याचा अर्थ इतर सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त.

तिसरं विधान मुलांना पटायला वेळ लागतो: "मुंबईचं निम्म्याहून जास्त पाणी हद्दीबाहेरून येतं." सातांपैकी पाच तलाव बाहेर, त्यांत सर्वांत मोठा भातसाही बाहेर, मग आणखी काय हवं? पण आपल्या आकड्यांत बाहेरून येतात ३० आणि १४, म्हणजे ४४. त्यामुळे तीन पर्यायांच्या पेपरात हेही कॅनॉट से. मात्र बँकेच्या परीक्षांत पाच पर्यायांची एक धाटणी येते: निश्चित सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य, निश्चित असत्य. तिथे या विधानाला 'बहुधा सत्य' द्यायचं, कारण उताऱ्यातलीच माहिती त्याला एका बाजूला झुकवते. 'भातसा निम्म्याहून जास्त' या विधानाला उताऱ्यात असा कुठलाच कल नाही, ते 'माहिती अपुरी'त जातं. म्हणून उतारा वाचण्याआधी पर्याय किती आहेत ते बघा. एकाच विधानाचं उत्तर त्यावर बदलतं.

शेवटच्या वाक्यातल्या 'तर'कडे वळू. "महापालिकेने पाणीकपात जाहीर केली आहे, म्हणजे साठा अपुरा आहे." कितीजण इथे ट्रू करतात! उताऱ्याने एकाच दिशेचं सांगितलंय: साठा अपुरा, तर कपात. कपात दुसऱ्या कारणाने होतच नाही, असं सांगितलेलं नाही. बाबा ऐन पावसाळ्यात, तलाव भरलेले असतानाही, जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवून यायचे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरीसुद्धा पेपरात मी ट्रू केलं होतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. अर्थात इथे कॅनॉट से येतं ते बाबांच्या अनुभवामुळे नाही. उतारा दुसऱ्या कारणाचा रस्ता बंद करत नाही, म्हणून येतं.

उलट, "महापालिकेने कपात जाहीर केली नाही, म्हणजे साठा अपुरा नाही" हे विधान ट्रू आहे. साठा अपुरा असता तर कपात जाहीर झाली असती, आणि ती तर झाली नाही. ऐकायला दोन्ही विधानं सारखीच उलटीपालटी वाटतात, म्हणून डोक्यात न फिरवता कागदावर बाण काढा: अपुरा → कपात. बाणाच्या टोकाकडून शेपटीकडे 'आहे' घेऊन जाता येत नाही, 'नाही' घेऊन जाता येतं. मात्र उताऱ्यात "कपात जाहीर करू शकते" असं असतं, म्हणजे इंग्रजीतला 'मे', तर हा बाण काढताच आला नसता आणि दोन्ही विधानं कॅनॉट से झाली असती.

फॉल्स द्यायला धीर लागतो. "जून ते सप्टेंबर सोडून मुंबईत पाऊस पडत नाही" याला काहीजण फॉल्स करतात, कारण ऑक्टोबरातली सर आठवते. पण उताऱ्यात 'बहुतेक पाऊस' आहे. उरलेला थोडा या महिन्यांबाहेर पडणार, म्हणून विधान उताऱ्याशीच भांडतं. उत्तर फॉल्सच, पण ते आठवणीतल्या सरीने नाही, 'बहुतेक' या शब्दाने दिलेलं. दुसऱ्या पॅसेजमध्ये सर आठवणार नाही, शब्द मात्र समोर असेल.

वेळेचं म्हणाल तर प्रत्येक विधानाला आकडे मांडत बसता येत नाही. मी आधी विधानातला जोराचा शब्द शोधते (फक्त, सर्व, निम्म्याहून, म्हणजे, कधीच नाही) आणि तोच जोर उताऱ्यात आहे का बघते. नसेल, तरच आकडे मांडते.

त्या मुलाला मी जाताना आणखी एक विधान लिहून दिलं: "भातसा एकूण पाण्याच्या सातव्या भागापेक्षा जास्त पाणी देतो." त्याने लगेच कॅनॉट से म्हटलं, उताऱ्यात तर एकही आकडा नाही म्हणून. म्हटलं, मग पाडून दाखव. त्याने भातसाला १४ दिले, कारण १०० चा सातवा भाग १४ हून थोडा जास्त होतो. उरले ८६, ते सहा तलावांत वाटायचे आणि प्रत्येक तलाव १४ च्या खाली ठेवायचा. सहा चोक चोवीस करत त्याने बेरीज मांडली. सगळ्यांना अगदी १४-१४ दिले तरी ८४ च होतात. भातसाचे १३ करून पाहिले, तर तूट आणखी वाढली. वही माझ्याकडे सरकवत त्याने कॅनॉट से खोडलं आणि शेजारी ट्रू लिहिलं.