लीस्ट काउंटचं अर्धं नेमकं कुठे करायचं?

अनसर्टन्टी बजेट म्हणजे काय, स्टँडर्ड अनसर्टन्टी कशाला म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी अडखळलो ते डिजिटल डिस्प्लेच्या ओळीवर, आणि नवी मुलं अजून तिथेच अडखळतात.

डिस्प्ले ०.१ °से.च्या टप्प्याने पुढे जातो आणि ५०.१ दाखवतो. आत मोजलेलं तापमान ५०.०५ ते ५०.१५ यांमध्ये कुठेही असू शकतं, आणि त्यातला कुठलाही आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त संभवनीय मानायला कारण नाही. म्हणून रेक्टँग्युलर डिस्ट्रिब्युशन. त्याची अर्धी रुंदी ०.०५. तिला √३ ने, म्हणजे १.७३२ ने भागलं की ०.०२९ °से. मिळतात. पूर्ण टप्पा घेऊन २√३ ने भागलं तरी उत्तर तेच.

घोळ या ‘तरी तेच’मध्येच आहे. कुणाच्या शीटमध्ये ०.१ लिहून २√३ ने भागलेलं असतं, कुणाच्या शीटमध्ये ०.०५ लिहून √३ ने. दोन्ही बरोबर. पण तुम्ही एकाची शीट घेता आणि आकडा दुसऱ्याच्या सवयीने भरता. मग एक तर ०.१ ला नुसतं √३ ने भागून ०.०५८ येतं, नाही तर ०.०५ ला २√३ ने भागून ०.०१४. सीनियरची तयार शीट वापरायला माझा विरोध त्यामुळेच आहे. निदान ही एक ओळ कोऱ्या कागदावर स्वतः मांडा.

फरक किती पडतो? समजा, संदर्भ थर्मामीटरच्या सर्टिफिकेटवर k = २ धरून ०.०४ °से. दिलंय, म्हणजे स्टँडर्ड अनसर्टन्टी ०.०२. बाकी घटक सध्या सोडून देऊ. ०.०२ आणि ०.०२९ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.०३५, दुप्पट केल्यावर ०.०७. अर्धं करायचं राहिलं तर ०.१२ होतं, दोनदा अर्धं झालं तर ०.०५.

घाबरू नका, दुसरी चूक पकडता येते. एकट्या डिस्प्लेचा वाटा k = २ ला टप्प्याच्या ०.५८ पट असतो, इथे ०.०५८. एकाच वाचनाच्या बजेटमध्ये अंतिम आकडा त्याखाली गेला तर कुठेतरी जास्तीचं भागलं गेलंय. पहिली चूक मात्र अशी सापडत नाही. तिथे भाजक डोळ्यांनीच तपासावा लागतो.

पाचही वाचनं ५०.१ आली की रिपीटॅबिलिटी शून्य निघते. ते शून्य खरं मानून खूश होऊ नका. डिस्प्लेला त्याहून बारीक दिसतच नाही, म्हणून ०.०२९ ची ओळ ठेवायचीच. वाचनं हलत असतील तर त्या हलण्यात डिस्प्लेचा वाटा आधीच थोडाफार आलेला असतो. तेव्हा दोन्ही न जोडता मोठा आकडा घेण्याची पद्धत आहे.

आणि शेवटचा अंक नीट पाहा. काही वजनकाटे २०.००० नंतर थेट २०.००५ दाखवतात. तिथे टप्पा ०.००५ किलो, ०.००१ नव्हे. अर्धी रुंदी ०.००२५, उत्तर सुमारे ०.००१४ किलो. शून्य आणि वजन अशी दोन वाचनं वजा होत असतील तर हा वाटा दोनदा येतो, म्हणजे √२ पट: ०.००२० किलो.