रिने निगेटिव्ह, पण दोष आतल्या कानाचा

कान-नाक-घसा विभागात रेसिडेन्सी सुरू होऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता. ओपीडीत पस्तिशीच्या एक बाई आल्या. "सर्दी झाली होती. चार दिवसांपासून डावा कान गच्च बसलाय," एवढीच तक्रार. कानात मळ नव्हता, पडदाही ठीक दिसत होता. पण सर्दीनंतर कान बसला म्हणजे पडद्यामागे पाणी साठलं असणार, हे मी तपासण्याआधीच मनात धरून बसलो होतो.

५१२ हर्ट्‌झचा ट्युनिंग फोर्क कोपरावर आपटून डाव्या कानासमोर धरला. "काहीच नाही येत." फोर्कचा पाया कानामागच्या हाडावर टेकवला. "हां, आता येतोय." मी कागदावर लिहिलं: डावा रिने निगेटिव्ह. मग वेबर चाचणीसाठी फोर्क कपाळाच्या मधोमध ठेवला. आवाज कुठे येतो विचारल्यावर त्या म्हणाल्या, "उजवीकडे." हे खटकलं, पण बाई गोंधळल्या असतील असं समजून मी पुढे गेलो. निदान लिहिलं कंडक्टिव्ह बहिरेपणा, औषध लिहिलं सर्दीचं.

सुदैवाने तो कागद आमच्या सीनियर मॅडमच्या हातात पडला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "डावा रिने निगेटिव्ह आणि वेबर उजवीकडे. हे दोन्ही एकाच माणसात कसं बसतं, सांग बघू?" मला सांगता येईना. या शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी त्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर लिहितो आहे, कारण कंडक्टिव्ह आणि सेन्सरीन्यूरल यांतला फरक मला खऱ्या अर्थाने तिथे कळला.

आधी कानाच्या आतली अडचण लक्षात घ्या. आवाज येतो हवेतून, पण ऐकणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आतल्या कानातल्या कॉक्लिआच्या द्रवात. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते, हजारातला एखादाच हिस्सा आत शिरतो. मधला कान ही तूट भरून काढतो. पडद्याचा खरोखर कंप पावणारा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर, आणि रिकिबीच्या हाडाचं तळपट जेमतेम ३.२. म्हणजे मोठ्या जागेवरचा दाब सतरापट छोट्या जागेत एकवटतो. हातोडी आणि ऐरण या हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची भर पडते. सगळं मिळून दाब सुमारे २२ पट वाढतो, डेसिबलमध्ये सांगायचं तर २५ ते ३० ची कमाई.

कंडक्टिव्ह बहिरेपणात बिघडते ती ही वाट. मळ असो, पडद्याला भोक असो, मागे पाणी असो किंवा रिकीब घट्ट बसलेली असो, कॉक्लिआ शाबूत असतं. म्हणून हवेची वाट टाळून कवटीच्या हाडातून आवाज पाठवला की तो नीट ऐकू येतो. हाच रिने निगेटिव्ह: हाडावरून मोठा, हवेतून लहान. या बहिरेपणाला मर्यादाही असते. तो साधारण ६० डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण त्याहून मोठा आवाज कवटीलाच हलवून आत पोचतो.

सेन्सरीन्यूरलमध्ये वाट मोकळी असते, पण पोचण्याचं ठिकाणच बिघडलेलं असतं. एका कॉक्लिआत बातमी मेंदूकडे धाडणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे ३,५०० आणि बारीक आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या सुमारे १२,०००. माणसात या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. हवेतून आलेला आवाज आणि हाडातून आलेला आवाज शेवटी याच पेशींकडे जातो, म्हणून दोन्ही सारखेच घसरतात आणि हवेची सरशी कायम राहते. रिने पॉझिटिव्हच येतो, फक्त दोन्ही आवाज बारीक. "पॉझिटिव्ह" हा शब्द इथे नव्या मुलांना हमखास फसवतो. बाकी तपासण्यांत पॉझिटिव्ह म्हणजे दोष सापडला, रिनेमध्ये मात्र मधला कान आपलं काम करतो आहे.

पेशंटच्या बोलण्यातूनही हा फरक ऐकू येतो. कंडक्टिव्हवाला म्हणतो, "जरा मोठ्याने बोला." मोठ्याने बोललं की त्याचं काम भागतं, आणि तो स्वतः हळू बोलतो, कारण त्याचा आवाज त्याला हाडातून छान ऐकू येत असतो. सेन्सरीन्यूरलवाला म्हणतो, "ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत." मोठ्याने बोललं तर "ओरडू नका" म्हणतो. बाहेरच्या केसपेशी गेल्यामुळे बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो.

आता वेबर. याचं कोडं सोडवायला फोर्कसुद्धा लागत नाही. तोंड मिटून "म्‌म्‌म्‌" असा सूर धरा आणि एका कानात बोट घट्ट घाला. सूर लगेच त्या बंद कानात सरकतो. हाडातून कॉक्लिआत आलेल्या ऊर्जेतला काही भाग एरवी हाडांच्या साखळीतून आणि कानाच्या नळीतून बाहेर निसटतो. वाट बंद असली की तो आतच राहतो. शिवाय बाहेरचा गोंगाट त्या कानात शिरत नसल्याने आतला सूर ठळक होतो. म्हणून कंडक्टिव्हमध्ये वेबर वाईट कानाकडे जातो आणि सेन्सरीन्यूरलमध्ये चांगल्या कानाकडे. पेशंटला मात्र हे पटत नाही. बहिऱ्या कानात आवाज येतोय असं सांगायला त्याला चमत्कारिक वाटतं आणि तो उगाच चांगला कान दाखवतो. मी आता आधीच सांगतो, "कोणत्याही बाजूला येऊ शकतो, किंवा मधोमधही. जिथे वाटेल तिथे बोट दाखवा."

म्हणजे बाईंचा दोष खरंच मधल्या कानाचा असता, तर वेबर डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडे गेला. मॅडमनी बाईंना परत बसवलं, फोर्क डाव्या कानामागे टेकवला आणि मी न विचारलेला प्रश्न विचारला: "आवाज येतोय ना? कोणत्या कानात?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि उजवा कान दाखवला.

मी विसरलो होतो ते एवढंच, की कवटी दोन्ही कानांना सामायिक असते. हवेतून एका कानाला दिलेला आवाज दुसऱ्या कानापर्यंत जाताना निदान ४० डेसिबल गमावतो, पण हाडातून दिलेला आवाज फार तर ० ते १० डेसिबल. डाव्या कानामागे टेकवलेला फोर्क उजव्या कॉक्लिआलाही जवळपास तेवढाच ऐकू येतो. डावा कान मेल्यासारखा असेल तर पेशंट "मागचा ऐकू येतो" म्हणतो, आणि ऐकणारा कान पलीकडचा असतो. यालाच फॉल्स निगेटिव्ह रिने म्हणतात. कान पूर्ण गेलेला असायलाच हवा असंही नाही. वाईट कानाची हवेची पातळी आणि चांगल्या कानाची हाडाची पातळी यांत पुरेसं अंतर पडलं, की हा चकवा होतो.

तो ओळखायचा उपाय म्हणजे चांगल्या कानाला गोंगाटात गुंतवून ठेवणं, म्हणजेच मास्किंग. मॅडमनी बाईंच्या उजव्या कानाला बाराणी बॉक्स लावला. हा चावीचा छोटा डबा खरखर मोठा आवाज करतो. फोर्क परत डाव्या कानामागे. बाई म्हणाल्या, "आता काहीच नाही." डबा नसेल तर कानासमोरची कूर्चा बोटाने दाबून गोल गोल चोळली तरी बराच गोंगाट होतो. लगेच केलेल्या ऑडिओग्रॅममध्ये डाव्या कानाची हवेची पातळी ८५ ते ९० डेसिबल निघाली, मास्किंग लावल्यावर हाडातून यंत्राच्या मर्यादेपर्यंत काहीच ऐकू येत नव्हतं, उजवा कान १० वर. अचानक आलेला सेन्सरीन्यूरल बहिरेपणा. व्याख्येनुसार ७२ तासांच्या आत सलग तीन फ्रीक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा अधिक घसरण. यात स्टिरॉइड जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत विशेष उपयोगी. सर्दीचं औषध देऊन मी त्यांना पंधरा दिवसांनी बोलावणार होतो.

त्या दिवसापासून फोर्क हातात धरण्याकडेही मी नीट लक्ष देऊ लागलो. टेबलाच्या कडेवर आपटला तर वरचे सूर मिसळतात, म्हणून कोपर किंवा गुडघाच बरा. कानासमोर धरताना पात्यांची टोकं कानाच्या भोकासमोर, साधारण अडीच सेंटिमीटरवर, आणि दोन्ही पाती भोकाच्या सरळ रेषेत. हे का, ते स्वतःच्या कानाजवळ वाजता फोर्क देठावर सावकाश फिरवून बघा. एका फेऱ्यात चार वेळा आवाज जवळजवळ विरतो. दोन पात्यांच्या लहरी तिथे एकमेकींना मारतात, आणि त्या तिरप्या कोनात फोर्क धरला तर धडधाकट कानाचाही रिने निगेटिव्ह येऊ शकतो. मागे टेकवताना केस बाजूला करून, कानाच्या पाळीला न लावता, दुसऱ्या हाताने डोक्याला आधार देऊन घट्ट दाबायचा. हलका टेकवला तर हाडातून आवाज कमी जातो आणि खरा निगेटिव्ह निसटतो. २५६ चा फोर्क वापरताना "थरथर जाणवते की सूर ऐकू येतो?" हेही विचारावं लागतं.

फोर्कच्या मर्यादा दोन, आणि दोन्ही रोजच्या. कंडक्टिव्ह दोष १५-२० डेसिबलपेक्षा कमी असेल तर ५१२ चा रिने पॉझिटिव्हच राहतो. वेबर मात्र बराच आधी कललेला असतो. दुसरी जास्त घातक: दोन्ही कान सारखेच सेन्सरीन्यूरल बहिरे असतील तर दोन्हीकडे रिने पॉझिटिव्ह आणि वेबर मधोमध, म्हणजे कागदावर अगदी नॉर्मल माणूस. तिथे एबीसी, म्हणजे ॲब्सोल्यूट बोन कंडक्शन चाचणी करायची. पेशंटचा कान कूर्चेने बंद करून फोर्क मागे टेकवायचा, त्याला ऐकू येणं थांबलं की स्वतःचा कान तसाच बंद करून स्वतःच्या हाडावर लावायचा. आपल्याला अजून ऐकू आला तर त्याचं कॉक्लिआ कमी पडतंय. अर्थात आपलं स्वतःचं ऐकणं चांगलं असेल तरच हे खरं.

त्या बाई तीन आठवड्यांनी परत आल्या. ऑडिओग्रॅममध्ये ५०० हर्ट्‌झला डावा कान २५ डेसिबलपर्यंत सुधारला होता, उंच सुरांत अजून ५० वर अडकलेला. मी फोर्क डाव्या कानासमोर धरला, मग मागे. "पुढचा मोठा आहे," बाई म्हणाल्या. कपाळावर ठेवल्यावर थोडं थांबून म्हणाल्या, "अजून जरा उजवीकडेच आहे, पण आधीसारखा नाही." मी कागदावर लिहिलं: डावा रिने पॉझिटिव्ह, उजव्या कानाला मास्किंग लावून. वेबर किंचित उजवीकडे.